१६,८०० ची विक्री, खात्यात ७,८२१: एका स्टेटमेंटच्या फोटोचं ऑपरेशन

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच मागणी केली होती: "सर, पेमेंट स्टेटमेंट एकदा ओळ न् ओळ वाचून दाखवा." व्हिडिओत वेळ कमी पडतो आणि आकडे डोळ्यांसमोरून पटापट जातात. म्हणून आज ते इथे लिहून देतोय. वही आणि पेन जवळ ठेवा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल.

उदाहरण कात्रजचंच आहे. सुखसागरनगरला राहणाऱ्या एक ताई लहान मुलींसाठी शिवलेली नऊवारी ऑनलाइन विकतात. कापड रविवार पेठेतून आणतात, शिवायला शेजारच्या दोघी जणी येतात. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, कंपनीने निम्मे पैसे कापले. मी फसले का?" अर्ध्या तासाने दुसरा मेसेज आला: "गौरी-गणपतीसाठी ४०० नग शिवून ठेवायचे ठरवलंय. बचत गटाकडून दीड लाख घेतेय. सोमवारी सह्या आहेत."

दुसरा मेसेज वाचल्यावर मी त्यांना म्हटलं, ताई, सह्या करण्याआधी उद्या या. येताना फोटो नको, पूर्ण रिपोर्ट घेऊन या.

फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही

स्क्रीनशॉटमध्ये असते ती बेरीज-वजाबाकीची गोळाबेरीज. कोणत्या ऑर्डरला किती कापले, पार्सलचं वजन किती धरलं, कोणता माल परत आला, हे त्यात नसतं. ते सगळं सेलर पॅनेलमधल्या पेमेंट विभागातून डाउनलोड होणाऱ्या एक्सेल रिपोर्टमध्ये असतं. फोटोवरून शंका काढायची आणि एक्सेलवरून उत्तर शोधायचं, असा क्रम ठेवा.

ताईंच्या फोटोचा वरचा भाग कापला गेला होता आणि नेमक्या तिथेच तारखा होत्या. तारखांशिवाय स्टेटमेंट वाचू नका. माल पोचल्यानंतर काही दिवसांनी पैसे सुटतात, त्यामुळे २७ तारखेला विकलेल्या नगाचे पैसे पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये येऊ शकतात. हा मुद्दा पुढे जीएसटीच्या वेळी परत लागणार आहे.

आता फोटोतल्या ओळी. मार्केटप्लेसप्रमाणे नावं बदलतात. अ‍ॅमेझॉनवर ज्याला रेफरल फी म्हणतात त्याला फ्लिपकार्टवर कमिशन म्हणतात. मी सगळी नावं साधी करून लिहितोय. एका नगाची किंमत ८४० रुपये, त्या आठवड्यात २० नग पोचले आणि त्यातले ४ परत आले.

एकूण विक्री (२० नग): १६,८००.००
परतावा (४ नग): − ३,३६०.००
कमिशन: − २,०१६.००
क्लोजिंग फी: − ४००.००
शिपिंग: − १,८४०.००
रिटर्न शिपिंग: − ४४०.००
फीवरचा जीएसटी १८ टक्के: − ८४५.२८
टीसीएस: − ६४.००
टीडीएस: − १२.८०
निव्वळ जमा: ७,८२१.९२

ताईंची वही मी आधी बघितली. तिच्यात एकच हिशोब होता: विक्री ८४०, शिलाईसकट माल ३६०, कमिशन १२६, उरले ३५४. चारशे नगांचे झाले १,४१,६००. दीड लाखाचं कर्ज एका सीझनमध्ये फिटतं असं त्यांनी धरलं होतं, ते याच आकड्याच्या जिवावर.

८४० रुपये मुळात तुमचे नाहीतच

पहिली ओळ वाचतानाच बहुतेक जण घसरतात. ८४० मध्ये ५ टक्के जीएसटी आत धरलेला आहे. ८४० ला १.०५ ने भागा, येतात ८००. वरचे ४० रुपये ग्राहकाने सरकारसाठी दिलेत, ते तुमच्या खात्यातून फक्त प्रवास करतात. मार्केटप्लेस ते पैसे तुम्हाला देतं आणि ते भरायची जबाबदारी तुमची असते.

दुसरी गोष्ट परताव्याची. विक्री झाली १६ नगांची, २० ची नाही. म्हणजे ताईंची त्या आठवड्याची खरी विक्री १६ गुणिले ८००, बरोबर १२,८०० रुपये. कंपनीने "निम्मे कापले" असं जे वाटत होतं, त्यातले ३,३६० तर विक्रीच रद्द झाल्याचे आहेत. ते कापले नाहीत, ते कधी आलेच नव्हते.

कमिशन चटकन, शिपिंग सावकाश

कमिशन सोपं आहे. ८४० च्या १५ टक्के म्हणजे १२६, गुणिले १६ नग, २,०१६. एवढं लक्षात घ्या की ते जीएसटीसकट किमतीवर लागलंय. म्हणजे सरकारच्या ४० रुपयांवरही तुम्ही ६ रुपये कमिशन देता. परत आलेल्या चार नगांचं कमिशन इथे माघारी मिळालेलं दिसतं. सगळीकडे ते पूर्ण मिळतंच असं नाही, तुमच्या कराराचं फी-पत्रक बघा. क्लोजिंग फी नगामागे २५ रुपये, तीही १६ नगांवरच आहे.

एक छोटी युक्ती सांगतो. काही स्टेटमेंटमध्ये फी जीएसटीसकट दाखवतात, काहींमध्ये जीएसटीची ओळ वेगळी असते. संशय आला तर फीच्या आकड्याला १.१८ ने भागा. येणारा आकडा फी-पत्रकाशी जुळला, तर जीएसटी आत धरलेला आहे. हे न बघितल्यामुळे काही जण तोच जीएसटी हिशोबात दोनदा वजा करतात आणि मग "धंदा तोट्यात आहे" म्हणून फोन करतात.

आता शिपिंग. इथे थांबायचं. १,८४० भागिले २० म्हणजे नगामागे ९२ रुपये. लक्षात आलं का? कमिशन १६ वर आणि शिपिंग २० वर. माल परत आला तरी जाण्याचं भाडं तुमच्या माथी, आणि येण्याचं वेगळं, नगामागे ११०. म्हणजे परत आलेल्या प्रत्येक नऊवारीने विक्री शून्य केली आणि २०२ रुपये खाल्ले. पॅकिंगचे २० रुपये वेगळेच.

पण ९२ हा आकडा मला खटकला. ताईंचं पार्सल काट्यावर ४२० ग्रॅम भरत होतं. त्यांच्या फी-पत्रकात ५०० ग्रॅमपर्यंतच्या टप्प्याला ६५ रुपये होते. ९२ हा एक किलोचा दर होता. ताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे वजनात गडबड केली ना त्यांनी?"

एक्सेल उघडलं. त्यात वजनाचे दोन रकाने असतात, प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, आणि दोन्हींपैकी जे जास्त त्यावर भाडं लागतं. आकारमानाचं वजन काढायला पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं, उत्तर किलोत येतं. नऊवारीची घडी मोडू नये म्हणून ताईंनी छान खोका घेतला होता, ३२ बाय २६ बाय ६. गुणाकार ४,९९२. भागिले ५,००० म्हणजे जवळजवळ एक किलो. ४२० ग्रॅमच्या मालासाठी ताई एक किलोचं भाडं भरत होत्या, आणि त्यातली अर्ध्याहून जास्त हवा होती!

आम्ही तिथेच टेबलावर नऊवारी पुठ्ठ्यावर घडी करून कुरिअरच्या प्लास्टिक पिशवीत भरली. माप आलं ३० बाय २४ बाय ३. गुणाकार २,१६०, भागिले ५,०००, म्हणजे ४३२ ग्रॅम. टप्पा ५०० ग्रॅमचा, भाडं ६५. नगामागे २७ रुपये वाचले, आठवड्याला ५४०. माल तोच, ग्राहक तोच, फक्त खोका गेला.

इथे चूक ताईंचीच होती. पण उलटंही होतं बरं का. पिशवीत भरूनही एक्सेलमध्ये एक किलो दिसायला लागलं, तर पार्सल काट्यावर ठेवून, बाजूला मोजपट्टी धरून, लेबल दिसेल असा फोटो काढा आणि सेलर पॅनेलमधून वजनाची तक्रार टाका. तक्रारीला मुदत असते, म्हणून ही तपासणी दर आठवड्याला करायची. वर्षअखेरीला करून उपयोग नाही. ओळखायचं कसं? एकाच मालाच्या सगळ्या ऑर्डरचं धरलेलं वजन एकाखाली एक बघा. एकच नऊवारी कुठे अर्धा किलो आणि कुठे एक किलो दिसली, तर मोजमापात घोळ आहे. सगळीकडे एक किलो दिसली, तर आधी स्वतःचा खोका मोजा.

टीसीएस: कापले, पण गेले नाहीत

पुण्यात टीसीएस म्हटलं की लोकांना हिंजवडी आठवते. स्टेटमेंटमधला टीसीएस म्हणजे टॅक्स कलेक्टेड ॲट सोर्स, उगमस्थानी गोळा केलेला कर. परदेशी सहलीच्या वेळी जो टीसीएस लागतो तो आयकराचा. आपला हा जीएसटीचा आहे, सीजीएसटी कायद्याच्या कलम ५२ चा. १ ऑक्टोबर २०१८ पासून तो लागू आहे. आधी दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. माझ्याच एका जुन्या व्हिडिओत १ टक्का सांगितलंय आणि त्याखाली अजून लोक मला रागावतात. त्यांचं बरोबर आहे.

तो कशावर लागतो? जीएसटी वगळून उरलेल्या विक्रीवर, आणि परत आलेला माल वजा करून. म्हणजे १६,८०० वर नाही, १३,४४० वरही नाही, तर १२,८०० वर. त्याचा अर्धा टक्का ६४ रुपये. स्टेटमेंट बरोबर आहे.

ताईंच्या एक्सेलमध्ये हे ६४ रुपये तीन तुकड्यांत होते: सीजीएसटी १२, एसजीएसटी १२, आयजीएसटी ४०. कारण १६ पैकी ६ नग महाराष्ट्रात गेले आणि १० बाहेरच्या राज्यांत. राज्यातल्या ४,८०० च्या विक्रीवर पाव-पाव टक्का दोन भागांत आणि बाहेरच्या ८,००० वर अर्धा टक्का एकत्र. तुमची बेरीज जुळत नसेल, तर तीनपैकी एखादा रकाना तुम्ही सोडलाय का ते बघा.

हे पैसे मार्केटप्लेसकडे राहत नाहीत. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत त्यांना ते जीएसटीआर-८ या विवरणपत्रात तुमच्या जीएसटी नंबरवर दाखवून सरकारकडे भरावे लागतात. मग पुढची पायरी तुमची, आणि ताईंनी ती कधीच केली नव्हती. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून `Services` मध्ये `Returns` आणि त्यात `TDS and TCS credit received` उघडायचं. आर्थिक वर्ष आणि महिना निवडायचा, मार्केटप्लेसने भरलेली रक्कम तपासायची, बरोबर असेल तर स्वीकारायची, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून फाइल करायचं. त्यानंतर ती रक्कम तुमच्या `Electronic Cash Ledger` मध्ये जमा होते. तिथून तुम्ही जीएसटी भरू शकता, किंवा शिल्लक जास्त झाली तर परत मागू शकता. नुसतं ३बी भरलं म्हणून हे पैसे आपोआप जमा होत नाहीत. ताईंचे आठ महिन्यांचे पैसे तिथे तसेच पडून होते, कारण त्यांचं काम बघणाऱ्या मुलाला ते पानच माहीत नव्हतं.

आता मघाशी राखून ठेवलेल्या तारखांकडे या. टीसीएस ज्या महिन्यात विक्री झाली त्या महिन्याचा असतो आणि स्टेटमेंट पैसे सुटले त्या आठवड्याचं. त्यामुळे महिन्यातल्या चार स्टेटमेंटमधल्या टीसीएसची बेरीज आणि पोर्टलवरचा आकडा हमखास थोडा वेगळा येतो. घाबरू नका. महिन्याचा जीएसटी किंवा टीसीएस रिपोर्ट पॅनेलमधून वेगळा डाउनलोड होतो, तो पोर्टलशी ताडून बघा.

याच्याच पोटात एक मोठी चूक लपलेली असते. काही जण बँकेत जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून जीएसटीत दाखवतात. ताईंच्या बाबतीत ते होतं ७,८२१. पण मार्केटप्लेसने त्यांच्या नंबरवर १२,८०० ची विक्री आधीच कळवलेली आहे. दोन आकडे सरकारसमोर शेजारी शेजारी बसलेले असताना नोटीस यायला वेळ लागत नाही. विक्री दाखवायची ती पूर्ण आणि फी हा खर्च म्हणून वेगळा.

टीडीएसची ओळ छोटी आहे. हा आयकर, १९६१ च्या कायद्यातलं कलम १९४-ओ. आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. १२,८०० वर १२ रुपये ८० पैसे. वैयक्तिक नावाने धंदा करणाऱ्याची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री ५ लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर हा कापला जात नाही. ताई त्या मर्यादेच्या पुढे गेल्या होत्या. ही रक्कम २६एएस मध्ये दिसते आणि आयकर विवरणपत्र भरताना वळती होते. पॅन दिलेला नसेल तर मात्र थेट ५ टक्के कापला जातो, तेवढं जपा.

८४५ रुपयांची गाठ

फीवरचा १८ टक्के जीएसटी, ८४५.२८. क्लासमध्ये सगळे एका सुरात सांगतात, "सर, तो तर इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो." मीही बरीच वर्षं एवढंच सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे.

बघा, ताईंना ग्राहकांकडून मिळालेला जीएसटी १६ गुणिले ४०, म्हणजे ६४०. फीवर त्यांनी भरलेला जीएसटी ८४५.२८. कापड त्या नोंदणी नसलेल्या छोट्या व्यापाऱ्याकडून घेत होत्या, त्यामुळे त्याचं क्रेडिट नाहीच. ६४० भरायचे ते ८४५ मधून वळते झाले, खिशातून एक रुपयाही गेला नाही. छान. पण वरचे २०५.२८? ते क्रेडिट लेजरमध्ये साठतात. पुढच्या आठवड्यात परत २०५, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत.

माल ५ टक्क्यांचा आणि फी १८ टक्क्यांची, त्यामुळे हे होतं. आणि हे साठलेलं क्रेडिट रोख परत मिळत नाही. विकलेल्या मालापेक्षा कच्च्या मालावर जास्त कर असेल तर परतावा मागता येतो, पण त्या हिशोबात सेवांवरचा जीएसटी धरत नाहीत, आणि कमिशन, शिपिंग या सगळ्या सेवा आहेत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच नियम कायम ठेवला. म्हणून ज्यांचा माल ५ टक्क्यांचा आहे, त्यांनी न वापरलं जाणारं क्रेडिट खर्चातच धरावं. पुढे कधी उपयोगी पडलं तर लक्ष्मी आली म्हणायचं.

नोंदणी नसलेल्यांसाठी एक ओळ. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मालाची उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवायही मार्केटप्लेसवर विकता येतं, पण फक्त स्वतःच्या राज्यात आणि पोर्टलवर नावनोंदणीचा क्रमांक घेऊन. त्यांचा हा टीसीएस कापला जात नाही. मात्र फीवरचा १८ टक्के पूर्णच्या पूर्ण त्यांच्या अंगावर पडतो, कारण क्रेडिट घ्यायला खातंच नाही.

मग ताईंना किती उरले?

खरी विक्री १२,८००. त्यातून कमिशन, क्लोजिंग, शिपिंग आणि रिटर्न मिळून ४,६९६ गेले. उरले ८,१०४. बँकेत आलेल्या ७,८२१.९२ पेक्षा हा आकडा जास्त आहे, कारण टीसीएस, टीडीएस आणि फीवरचा जीएसटी आपण अजून आपलेच धरलेत आणि ग्राहकाचे ६४० बाजूला काढलेत.

आता मालाचा खर्च. १६ नग गुणिले ३६०, म्हणजे ५,७६०. पॅकिंग २० पार्सलचं, ४००. परत आलेल्या चारपैकी तीन पुन्हा विकता येतील असे होते, चौथ्याच्या काठावर हळदीचे डाग होते. तो गेला, ३६०. बेरीज ६,५२०. ८,१०४ मधून वजा केले की १,५८४. त्यातून अडकलेलं क्रेडिट २०५ काढा. १,३७९.

भागिले १६. नगामागे ८६ रुपये.

ताई काही वेळ बोलल्या नाहीत. वहीत ३५४ लिहिलेलं पान उघडंच होतं. ४०० नगांचे १,४१,६०० नाही, ३४,४०० होत होते, तेही सगळे ४०० विकले गेले तर. आणि दीड लाखाचं कर्ज त्यावर उभं राहणार होतं. "म्हणजे मी सोमवारी सही केली असती तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मी त्यांना धंदा बंद करा म्हटलं नाही, कारण तो बंद करण्यासारखा नव्हता. नुसता खोका गेला तरी फी ५४० ने कमी होते, फी कमी झाली म्हणून अडकलेलं क्रेडिटही २०५ वरून १०८ वर येतं, आणि नगामागे ८६ चे १२६ होतात. उरला प्रश्न परत येणाऱ्या मालाचा. एक्सेलमधलं परताव्याच्या कारणाचं रकानं बघितलं तर चारपैकी तीन "साइझ बसत नाही". ताई साइझ वयावर देत होत्या, ४ ते ५ वर्षं, ६ ते ७ वर्षं. आता कात्रजची पाच वर्षांची मुलगी आणि लुधियानाची पाच वर्षांची मुलगी एकाच उंचीची थोडीच असणार? फोटोंमध्ये एक फोटो मापांचा टाकायचं ठरलं, त्यात कंबर आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची, इंचात.

कर्जाचं त्यांनी स्वतः ठरवलं. सोमवारी त्या बचत गटात गेल्या, पण दीड लाखाऐवजी पन्नास हजारांवर सही केली. १३० नगांचं कापड आणलं आणि उरलेल्या नगांचं पुढच्या दोन स्टेटमेंटनंतर बघू म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी नवा स्क्रीनशॉट आला. यावेळी तारखा कापलेल्या नव्हत्या. सोबत एक्सेलही होतं आणि त्यात एक ओळ पिवळी केलेली: दोन पार्सलचं वजन एक किलो धरलेलं. खाली मेसेज होता, "सर, हे दोन पिशवीतलेच आहेत, खोक्यातले नाहीत. काट्यावरचा फोटो काढलाय. तक्रार कुठल्या बटणातून टाकायची तेवढं सांगा."